मैत्रिणीच्या अल्बममध्ये चुकून लागलेला आपला टॅग काढायचा कसा, आणि पुढचे टॅग थोपवायचे कसे

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी नाशिकच्या मामीचा फोन आला. आवाज दुखावलेला. "नाशिकला लग्नाला येऊन गेलीस आणि आमच्या घराची पायरीसुद्धा चढली नाहीस?" मी त्या दिवशी पुण्यात आईपाशी होते, तिला ताप होता. मामीला ते खरं वाटेना, कारण तिने फेसबुकवर माझं नाव लिहिलेला लग्नाचा फोटो पाहिला होता. लग्न माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या मुलाचं. तिने २१२ फोटोंचा अल्बम टाकला होता आणि त्यातल्या ११ फोटोंवर माझं नाव होतं. चेहरा मात्र दुसऱ्याच बाईचा. तिचं आणि माझं पहिलं नाव एकच.

मामीची समजूत घालायला दहा मिनिटं लागली. अल्बममधून माझं नाव पूर्ण जायला तीन दिवस लागले, कारण मी आधी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं होतं. ते तीन दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी नाव नेमकं कुठे आहे ते बघा

लगेच टॅग काढायला धावू नका. आधी फोटोचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात फोटो, तो टाकणाऱ्याचं नाव आणि तारीख येऊ द्या. फोटोची लिंकही कॉपी करून ठेवा. एकदा टॅग काढला की तो फोटो तुमच्या बाजूने सहज सापडत नाही. २१२ फोटोंमधला कोणता, हे मैत्रिणीला सांगायची वेळ आली की तोच स्क्रीनशॉट उपयोगी पडतो.

फोटो सापडत नसेल तर स्वतःच्या प्रोफाइलवर जाऊन Photos उघडा. तिथे तुमचं नाव लावलेले फोटो वेगळे दिसतात, स्वतः टाकलेले वेगळे. प्रोफाइलवर लपवलेले फोटो या यादीत सापडतीलच असं नाही, म्हणून पूर्ण यादी बघायची तर पुढे सांगितलेली Activity log बघावी.

आता फोटो उघडा आणि त्यावर एकदा बोट टेकवा. नावं उमटतात. इथे बारकाईने बघायला हवं, कारण आपण सगळ्यालाच 'टॅग' म्हणत असलो तरी नाव चार वेगवेगळ्या जागी असू शकतं. पहिली जागा म्हणजे फोटोतल्या चेहऱ्यावर. दुसरी पोस्टच्या डोक्यावर, अमुक जण तमुकबरोबर आहे असं लिहिलेलं असतं ती. तिसरी फोटोखालच्या मजकुरात किंवा एखाद्या कमेंटमध्ये, जिथे नावावर बोट टेकवलं की प्रोफाइल उघडते. आणि चौथी म्हणजे नुसतं टाइप केलेलं नाव, ज्यावर बोट टेकवून काहीच होत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन जागा तुमच्या हातात आहेत. तिसरी अर्धी तुमच्या हातात आहे, म्हणजे पोस्टच्या मजकुरातलं नाव तुम्ही काढू शकता, पण कमेंटमधलं नाव लिहिणाऱ्याने बदलावं लागतं किंवा पोस्टच्या मालकाने ती कमेंट काढून टाकावी लागते. चौथी अजिबात तुमच्या हातात नाही. तो साधा मजकूर आहे, त्याचा तुमच्या खात्याशी काही संबंध नाही. माझ्या बाबतीत नऊ फोटोंत नाव चेहऱ्यावर होतं, दोन फोटोंत पोस्टच्या डोक्यावर, आणि त्यांतल्याच एकाखाली "आमच्या जुन्या मैत्रिणी" असं म्हणून माझं नाव साधं टाइप केलेलं. पहिल्या दिवशी मी हे शेवटचं नाव काढायचं बटण अर्धा तास शोधत बसले होते. तसं बटणच नसतं.

हे टॅग लावले कोणी

मी मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, मी कोणालाच टॅग केलेलं नाही." ते खरंही होतं. अल्बम तिचा असला तरी त्यातल्या फोटोंवर तिच्या मित्रयादीतला कोणीही नाव लावू शकतो. लावलं होतं तिच्या जावेने, जी माझ्याही यादीत आहे. तिने नावाची पहिली चार अक्षरं टाइप केली, खाली एकाच नावाच्या दोघी दिसल्या, आणि घाईत वरच्या नावावर बोट टेकवलं. तीच चूक अकरा वेळा.

कित्येकांना अजून वाटतं की फेसबुक स्वतःच चेहरा ओळखून नाव सुचवतं. तशी सोय पूर्वी होती, पण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि साठवलेले चेहऱ्यांचे साचे पुसून टाकत असल्याचंही सांगितलं. त्यामुळे आज अशा घरगुती अल्बममध्ये चुकीचा टॅग दिसला तर जवळपास नेहमी कोणा माणसाचं बोट चुकलेलं असतं, आणि त्या माणसाला शोधून सांगितलं तर तीच चूक पुढच्या बारशाच्या अल्बममध्ये होत नाही. म्हणून फक्त अल्बमच्या मालकिणीशी बोलून थांबू नका. टॅग लागला की जी सूचना येते, ती जुन्या सूचनांत शोधा. कोणी टॅग केलं ते नाव तिथे असतं.

एका फोटोवरचा टॅग काढणं

फोटो पूर्ण उघडा, म्हणजे पडद्यावर तो एकच फोटो दिसायला हवा. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट टेकवा. येणाऱ्या यादीत Remove tag असेल. ते निवडा आणि विचारलं तर होकार द्या. संगणकावरही हीच वाट आहे.

नाव पोस्टच्या डोक्यावर असेल तर फोटो उघडू नका, पोस्टवरच राहा आणि पोस्टच्या तीन टिंबांमधून Remove tag करा. इथेच गोंधळ होतो. फोटोवरचा टॅग आणि पोस्टवरचा टॅग हे दोन वेगळे टॅग असतात. एक काढला म्हणून दुसरा जात नाही. "मी काढला होता तरी परत आला" असं जे लोक सांगतात, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा परत आलेला नसतो, दुसरा राहिलेला असतो.

टॅग काढला म्हणून मैत्रिणीला वेगळी सूचना जात नाही. तरी मी आधी दोन ओळी कळवते. लग्नाचा अल्बम लोक पुन्हा पुन्हा उघडून बघतात, आणि नाव गायब झालेलं दिसलं की मनात नको ते येतं.

पुष्कळ फोटो असतील तेव्हा

अकरा फोटो एकेक उघडून काढणं शक्य आहे, पण अल्बम मोठा असला की एखादा सुटतोच. त्यापेक्षा स्वतःच्या प्रोफाइलवर नावाजवळच्या तीन टिंबांवर जा आणि Activity log उघडा. तिथे Activity you're tagged in असा भाग आहे. त्यात तुम्हाला टॅग केलेल्या पोस्ट आणि फोटो तारखेप्रमाणे ओळीने दिसतात. हवे त्यांच्या चौकोनात खूण करा आणि एकदम Remove tags करा.

खूण करताना घाई नको. माझ्या यादीत त्याच आठवड्यातले भाच्याच्या मुंजीचे फोटो होते, त्यांवरचा टॅग मला हवा होता. सगळे निवडायचा चौकोन दाबला असता तर तेही गेले असते, आणि पुन्हा लावायला एकेकाला विनवावं लागलं असतं.

लपवणं म्हणजे काढणं नव्हे

माझा पहिला दिवस यातच वाया गेला, म्हणून यावर जरा थांबते. त्या तीन टिंबांच्या यादीत किंवा Activity log मध्ये प्रोफाइलवरून लपवण्याचाही पर्याय असतो, Hide from profile. मी तो दाबला. माझ्या प्रोफाइलवरून फोटो गेले. मला वाटलं, झालं. संध्याकाळी मामीने परत सांगितलं, "अजून दिसतंय की."

लपवल्याने एवढंच होतं की तुमच्या प्रोफाइलच्या भिंतीवर तो फोटो दिसत नाही. तुमचं नाव मैत्रिणीच्या अल्बममध्ये जसंच्या तसं असतं, त्यावर बोट टेकवून कोणीही तुमच्यापर्यंत पोचतो, आणि लोकांच्या फीडमध्येही तो फोटो तुमच्या नावासकट येऊ शकतो. चेहरा तुमचाच आहे, फोटो बरा आहे, फक्त स्वतःच्या भिंतीवर नको, अशा वेळी लपवणं ठीक. नाव चुकीच्या चेहऱ्यावर असेल तर मात्र टॅगच काढायला हवा.

कळायचं कसं? फोटो पुन्हा उघडा, बोट टेकवा, नावं उमटू द्या. तुमचं नाव उमटलं तर तुम्ही लपवलं आहे, काढलेलं नाही.

फोटोच काढून हवा असेल तर

टॅग काढला तरी फोटो मैत्रिणीच्या अल्बममध्ये राहतोच. ज्याला ज्याला तो अल्बम दिसतो त्याला तो दिसतो. फोटो काढून टाकण्याचा अधिकार फक्त टाकणाऱ्याचा. चेहरा दुसऱ्या बाईचा असेल तर हा प्रश्न येत नाही, पण कधीकधी उलटं असतं. चेहरा तुमचा आणि नाव भलत्याचं, किंवा दोन्ही तुमचंच पण जेवताना तोंडात घास असताना टिपलेला फोटो. तेव्हा विनंती हाच रस्ता, आणि विनंती नेमकी असेल तर काम लवकर होतं. "माझे फोटो काढ ना गं" असं म्हटलं की समोरची "हो, बघते" म्हणते आणि विसरते, कारण २१२ मधले कोणते हे शोधायचा तिला कंटाळा येतो. मी पाठवलेला निरोप असा होता:

"अगं, लग्नाचे फोटो फार छान आलेत. एक छोटं काम आहे. खालच्या लिंकवरच्या फोटोखाली तू माझं नाव टाइप केलं आहेस, पण त्यात मी नाहीये, तुझ्या जावेची मैत्रीण आहे. मी त्या दिवशी पुण्यात होते. फोटो राहू दे, फक्त Edit करून नाव तेवढं बदलशील का? बाकीचे टॅग मी माझ्या बाजूने काढलेत, तुला काही करायला नको."

लिंक दिली, एकच काम सांगितलं, फोटो राहू दे असंही म्हटलं. वीस मिनिटांत नाव बदललं. फोटो तुमचाच असेल आणि तो ठेवायचा तिचा आग्रह असेल, तर मधला रस्ता असा की त्या अल्बमचा प्रेक्षकवर्ग बदलायला सांगा, Public असेल तर Friends. पुष्कळ जणींना आपला अल्बम सगळ्या जगाला दिसतोय हेच माहीत नसतं.

तीन टिंबांमध्ये फोटोची तक्रार करण्याची सोयही आहे, Report photo. पण अंगभर कपड्यांतला, लग्नातला साधा फोटो तुम्हाला आवडला नाही एवढ्यावरून तो काढला जाईल अशी आशा धरू नका. फोटो अश्लील असेल, त्यात छेडछाड करून तुमचा चेहरा चिकटवला असेल किंवा कोणी तुमच्या नावाने त्रास देत असेल, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा टॅग काढण्याआधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपा, तिथेच तक्रार करा आणि cybercrime.gov.in वरही नोंदवा. अशा वेळी टाकणाऱ्याला आधी फोन करून सावध करू नका.

पुढे असं होऊ नये म्हणून

सरळ सांगते, फेसबुकवर 'मला कोणी टॅगच करू नये' असं एकच बटण नाही. टॅग लागला तरी त्याची झळ आपल्याला पोचू नये, एवढी व्यवस्था करता येते. Settings & privacy मधून Settings मध्ये जा आणि Profile and tagging शोधा. अ‍ॅप अपडेट झालं की या गोष्टींची जागा इकडेतिकडे सरकते, म्हणून सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत tagging टाइप करणं सगळ्यांत सोपं. तिथे तीन प्रश्न तुमच्या कामाचे आहेत.

पहिला म्हणजे टॅग केलेली पोस्ट प्रोफाइलवर येण्याआधी तुम्हाला विचारावं का. Review posts you're tagged in ने सुरू होणारा हा प्रश्न. चालू करा. मग दरवेळी सूचना येईल आणि तुम्ही होकार देईपर्यंत ती पोस्ट तुमच्या भिंतीवर चढणार नाही. पण याची मर्यादा लक्षात ठेवा. तुम्ही होकार देईपर्यंतही टॅग मैत्रिणीच्या अल्बममध्ये लागलेला असतोच, तिथे लोकांना दिसत असतो. म्हणून ही सूचना आली की नुसती बाजूला सारू नका, चुकीचा टॅग असेल तर तिथूनच फोटो उघडून Remove tag करा. आणि हे सेटिंग जुन्या टॅगना लागू होत नाही, ते तुम्हालाच हाताने साफ करावे लागतात.

याच्याच शेजारी जवळजवळ तशाच शब्दांचा दुसरा प्रश्न आहे, Review tags people add to your posts. हा तुमच्या स्वतःच्या पोस्टवर इतरांनी लावलेल्या टॅगबद्दल आहे. तुमच्या अडचणीवर याचा उपयोग नाही, पण अल्बम टाकणाऱ्या मैत्रिणीने तो चालू ठेवला असता तर जावेचे अकरा टॅग आधी तिच्या नजरेखालून गेले असते. मी तिला तो चालू करायला लावला. तुमच्या घरात अल्बम टाकणारं कोणी असेल तर त्यांच्या फोनमध्येही करून द्या.

तिसरा प्रश्न सगळ्यांत कमी लोक उघडतात, आणि मामीच्या फोनचं मूळ तिथेच होतं. मामी माझ्या मैत्रिणीला ओळखतही नाही. अल्बम मैत्रिणीने फक्त तिच्या मित्रयादीपुरता ठेवला होता. मग मामीला तो दिसला कसा? कारण टॅग लागला की फोटोचा प्रेक्षकवर्ग वाढतो. ज्याचं नाव लागतं त्याच्या मित्रयादीलाही तो फोटो दिसू शकतो. माझं नाव लागलं आणि माझ्या यादीतल्या मामी, मावश्या, ऑफिसातले, सगळ्यांसाठी दार उघडलं. Profile and tagging मध्ये When you're tagged in a post असा सुरू होणारा प्रश्न हेच विचारतो: ज्यांना ती पोस्ट एरवी दिसत नाही, अशा कोणाला प्रेक्षकांत घ्यायचं? तिथे Friends असेल तर Only me करा. म्हणजे उद्या चुकीचा टॅग लागलाच, तरी तो तुमच्या माणसांपर्यंत तुमच्या नावावर चालत जाणार नाही. मैत्रीण आणि तुम्ही दोघींच्या ओळखीचे लोक मात्र तो बघतील, तो त्यांचा तिच्याकडून आलेला हक्क आहे.

या तिन्हींच्या जवळच, तुम्हाला टॅग केलेल्या पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर कोणाला दिसाव्यात हेही ठरवता येतं. मी Friends ठेवलं आहे.

एखादी व्यक्ती सांगूनही मुद्दाम टॅग करत राहत असेल तर ब्लॉक हाच उपाय, ब्लॉक केलेली व्यक्ती तुम्हाला टॅग करू शकत नाही. पण क्रम सांभाळा. आधी जुने टॅग काढा, स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा. ब्लॉक केल्यावर तिचा अल्बम तुम्हाला दिसेनासा होतो आणि मागे काय राहिलं हे तपासता येत नाही. नात्यातल्या माणसाला ब्लॉक करण्याआधी एक फोन करावा, असं माझं मत आहे. बहुतेकांना आपण काय करतोय हे कळत नसतं.

इन्स्टाग्रामवर मात्र पूर्ण बंदी शक्य आहे. तिथे Tags and mentions मध्ये जाऊन Don't allow tags निवडलं की कोणीच टॅग करू शकत नाही. इतकं टोक नको असेल तर टॅग हाताने मंजूर करायचा पर्यायही तिथेच आहे. फेसबुकवरची सेटिंगं इन्स्टाग्रामला आपोआप लागत नाहीत, दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागतात.

झालं की नाही, हे दुसऱ्याच्या फोनवरून बघा

स्वतःच्या फोनवर पाहून खात्री होत नाही. प्रोफाइलच्या तीन टिंबांत View as आहे, पण ते तुमची प्रोफाइल अनोळखी माणसाला कशी दिसते एवढंच दाखवतं, मित्रयादीतल्यांना कशी दिसते ते नाही. म्हणून मी तिसऱ्या दिवशी मामीलाच फोन केला. तिला माझ्या प्रोफाइलवर जाऊन Photos उघडायला सांगितलं, मग ज्या सूचनेवरून तिने फोटो पाहिला होता तीही पुन्हा उघडायला सांगितली. Photos मध्ये लग्नाचे फोटो नव्हते. सूचनेवर बोट टेकवलं तर तो मजकूर आता उपलब्ध नाही असं आलं. "गेलं गं," मामी म्हणाली, "आता आईला बरं वाटतंय का ते सांग."